उ: केमो आठवडाभर पुढे का ढकलली?

«आईची डब्ल्यूबीसी २९०० आहे, फार कमी नाही. तरी डॉक्टरांनी तिसरी केमो पुढे ढकलली. का?»

डब्ल्यूबीसी म्हणजे पांढऱ्या पेशींच्या नुसत्या एकूण आकड्यावर जाऊ नका. त्याच कागदावर खाली न्यूट्रोफिलची टक्केवारी असते, ती बघा. समजा ती ३८ आहे. २९०० चे ३८ टक्के म्हणजे साधारण ११००. जंतूंशी पहिल्यांदा लढणाऱ्या पेशी एवढ्याच. बऱ्याच केमोंना हा आकडा १५०० आणि प्लेटलेट एक लाख तरी लागतात. काही ठिकाणी १००० वरही देतात, ते औषधावर ठरतं.

केमो अस्थिमज्जेतल्या भराभर वाढणाऱ्या पेशीही मारते. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात आकडे तळाला जातात, एकविसाव्यापर्यंत बहुधा सावरतात. सावरण्याआधीच पुढचा डोस दिला, तर तळ आणखी खोल जातो आणि साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो.

माझ्या आईचीही अशीच केमो थांबली होती. आठवड्याने डब्ल्यूबीसी ४१००, न्यूट्रोफिल ५२ टक्के, म्हणजे २१०० च्या वर. दुसऱ्याच दिवशी केमोचं सलाईन लागलं.

तोवर घरी थर्मामीटर हाताशी ठेवा. १००.४ फॅरनहाइट ताप दिसला की, रात्र असली तरी, क्रोसिन देऊन वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.