जेंटामायसिन : पीक नव्हे, ट्रफ का?

जेंटामायसिन या प्रतिजैविकाची डोसनंतरची रक्तातील सर्वोच्च पातळी म्हणजे पीक, पुढच्या डोसआधीची सर्वांत कमी पातळी म्हणजे ट्रफ. नेहमीचा प्रश्न : “पीक पातळी जास्त असते, मग विषारीपणासाठी ट्रफ का बघायची?”

मूत्रपिंडाच्या समीपस्थ नलिकेतील पेशी हे औषध मेगॅलिन या ग्राहकामार्फत आत ओढतात आणि ती वाट लवकर भरते; त्यामुळे क्षणिक उंच पीकपेक्षा दोन डोसांमध्ये पातळी खाली न उतरणेच अधिक साठा करते. जीवाणू मारण्याचे काम मात्र पीकवर अवलंबून असते. म्हणून दर आठ तासांनी जेंटामायसिन घेणाऱ्या रुग्णात पीक योग्य, पण पुढच्या डोसआधीची पातळी २पेक्षा कमी हवी असताना ३ मायक्रोग्रॅम प्रति मिली आली, तर डोस न घटवता अंतर वाढवावे. परीक्षकांचा हा आवडता सापळा आहे. हे औषध कानालाही इजा करते : नलिकेच्या पेशी पुन्हा तयार होतात, कानातील केसपेशी होत नाहीत, आणि आधी उच्च वारंवारितेचे ऐकणे जात असल्याने साध्या बोलण्यात रुग्णाला ते जाणवतही नाही.