ब्रेकआधीच्या आठ सेकंदांत बातमी सांगावी की राखून ठेवावी?

मृणाल, लोकमान्य नगर, इंदूर

आमच्या शहरातील एका छोट्या केबल वाहिनीवर रात्री आठ वाजता अर्ध्या तासाचे मराठी बातमीपत्र असते आणि त्यात ब्रेकआधी वाचायचा टीझर मी लिहिते. परवा नर्मदेच्या जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे अकरा टाक्यांना पाणी मिळणार नाही, अशी बातमी होती. मी लिहिले, 'सावधान! उद्या तुमच्या घरातून गायब होणार आहे एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट. काय ते पाहा ब्रेकनंतर.' निर्मात्यांना ते आवडले, परंतु सकाळी आईने फोन करून मला चांगलेच फैलावर घेतले. आठ सेकंदांत माहितीही द्यायची आणि प्रेक्षकाला थांबवूनही ठेवायचे, हे जमते का?

निवृत्त वृत्तसंपादक, रामबाग

मृणालताई, आपल्या आईंचे बरोबर आहे. इंदुरात बहुतेक भागांत पाणी एक दिवसाआड येते, त्यामुळे उद्याची पाळी चुकली की पुढील पाळीपर्यंत घरात साठवलेल्या पाण्यावरच भागवावे लागते. रात्री सव्वाआठला ही बातमी ज्याला कळते, तो पिंप आणि बादल्या भरून ठेवू शकतो; जो ब्रेकमध्ये टीव्ही बंद करून जेवायला बसला, त्याला मात्र आपण 'महत्त्वाची गोष्ट' म्हणून भिववले आणि कोरडेच सोडले.

मी लिहिताना एकच कसोटी लावीत असे. टीझर संपताक्षणी प्रेक्षक उठून गेला, तर त्याच्याकडे एखादी खरी आणि उपयोगाची गोष्ट उरते का? उरत नसेल, तर ती ओळ बातमीची नसून डोंबाऱ्याच्या ढोलकीची आहे. राखून काय ठेवावे, याचे उत्तरही यातच आहे. आठ सेकंदांत जे मुळात मावतच नाही, ते राखावे. अकरा टाक्यांची नावे मावत नाहीत, म्हणून यादी ब्रेकनंतर. 'पाणी बंद' हे दोन शब्द सहज मावतात, म्हणून ते आधी.

आता मापाचे सांगतो. आपली निवेदिका सावकाश आणि स्पष्ट वाचत असेल, तर सेकंदाला सरासरी दोनच शब्द धरावेत. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, 'जलवाहिनीच्या' हा एकच शब्द जिभेला दोन शब्दांइतका वेळ घेतो. म्हणजे आठ सेकंदांत पंधरा-सोळा शब्द. लिहून झाल्यावर मोबाइलचे घड्याळ लावून मोठ्याने वाचावे, कारण मनात वाचलेले नेहमीच लवकर संपते.

जाहिरात विभागातील एक, विजय नगर

संपादक महोदयांविषयी आदर ठेवून असहमती नोंदवतो. टीझर हा शब्दच सांगतो की तो खुणावण्यासाठी आहे, सांगण्यासाठी नाही. सांगण्यासाठी बातमीपत्राच्या सुरुवातीला हेडलाइन्स असतात. ब्रेकआधी तीच गोष्ट पुन्हा सांगितली, तर प्रेक्षक ब्रेकमध्ये रिमोट उचलणार, हे उघड आहे. छोट्या केबल वाहिनीचा खर्च सराफ्यातल्या आणि जेल रोडवरच्या दुकानदारांच्या जाहिरातींवर चालतो. आमच्याकडे प्रेक्षकसंख्येचे आकडे येत नाहीत; दुकानदार स्वतः दुकानातल्या टीव्हीवर ब्रेक पाहतो आणि गिऱ्हाइकांना विचारतो, 'आमची जाहिरात दिसली का?' ते नाही म्हणाले की पुढच्या महिन्याचा चेक येत नाही. तत्त्वावर पगार निघत असते, तर मीही तत्त्व सांगितले असते.

अन्नपूर्णा रोडवरील एक शिक्षक

माझ्या मते उपाय अगदी सोपा आहे. टीझरमधून प्रश्नचिन्ह हद्दपार करावे. जिथे प्रश्नचिन्ह आहे तिथे फसवणूक आहे, आणि जिथे सरळ विधान आहे तिथे माहिती आहे. 'सावधान', 'धक्कादायक', 'मोठी बातमी' या शब्दांवरही बंदी घालावी. एवढा एक नियम पाळला, तरी सगळ्या वाहिन्या सुधारतील.

दोन मुलांची आई, सुदामा नगर

प्रश्नचिन्हावरून माझाच अनुभव सांगते. मागे एका पावसाळ्यात एका वाहिनीवर रात्री ब्रेकआधी म्हणाले, 'उद्या शाळांना सुट्टी? प्रशासनाचा मोठा निर्णय!' तेवढ्यात वीज गेली. मी समजले की सुट्टी आहे आणि गजर न लावता झोपले. सकाळी शेजारच्या वहिनी सांगतात की सुट्टी फक्त पाचवीपर्यंत होती. माझा मोठा आठवीत, त्याची चाचणी बुडाली. माझे म्हणणे एवढेच आहे की शाळांनी सुट्टीचा संदेश पालकांना रात्री नऊच्या आत पाठवावा. टीव्हीवर विसंबावे तरी कशाला?

निवृत्त वृत्तसंपादक, रामबाग

वहिनी, शाळेच्या संदेशाचा विषय वेगळा आहे, परंतु आपल्या उदाहरणाने माझे काम सोपे केले. 'पाचवीपर्यंतच्या शाळांना उद्या सुट्टी' हे चार शब्द आहेत आणि दोन-अडीच सेकंदांत होतात. वाहिनीने वेळ वाचवण्यासाठी 'पाचवीपर्यंत' गाळले नव्हते. तो एक शब्द बोलला असता, तर पाचवीच्या पुढच्या मुलांचे पालक लगेच उठून गेले असते, म्हणून गाळले. ज्या शब्दाने निम्मे प्रेक्षक 'ही बातमी माझी नाही' असे समजून जाऊ शकतात, नेमका तो शब्द लपवला गेला असेल, तर तो टीझर भामटा आहे, असे मी बेधडक म्हणतो. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधील सहाव्या नियमाच्या कार्यक्रम संहितेत अर्धसत्यालाही मनाई आहे, हे लिहिणाऱ्यांच्या कानावर घालायला हरकत नाही.

गुरुजी, प्रश्नचिन्हाबाबत आपण अर्धे बरोबर आहात. ज्या प्रश्नाचे उत्तर वाहिनीला ठाऊक आहे आणि एका शब्दात देता येते, तो प्रश्न फसवा. 'उद्या शाळांना सुट्टी?' हा तसा आहे. 'तुमची टाकी यादीत आहे का?' हा तसा नाही, कारण त्याचे उत्तर घरागणिक वेगळे आहे आणि ते ऐकण्यासाठी यादीच पाहावी लागते. उलट, प्रश्नचिन्ह नसलेले विधानही अट्टल खोटे असू शकते. 'इंदूर तहानले' हे सरळ विधान आहे. पण अकरा टाक्या म्हणजे सबंध इंदूर नव्हे.

जाहिरातवाल्या दादांचा मुद्दा मी उडवून लावणार नाही, कारण चेक थांबलेले मीही पाहिले आहेत. परंतु पाण्याच्या बातमीत यादीच प्रेक्षकाला धरून ठेवते. पाणी बंद आहे हे कळल्यावर कोणता इंदूरकर आपली टाकी कोणती हे न पाहता उठेल? माहिती दिल्यामुळे उलट तो थांबतो. अट एकच, ब्रेकनंतरची पहिली बातमी तीच हवी. टीझर सव्वाआठला वाजवून यादी आठ अठ्ठावीसला दाखवायची, ही लबाडी रनडाउनमध्ये, म्हणजे बातम्यांच्या ठरलेल्या क्रमात होते, आणि तिचे खापर मात्र ओळ लिहिणाऱ्यावर फुटते.

मृणाल, लोकमान्य नगर, इंदूर

काका, आपल्या मापाने नवा मसुदा केला आहे. 'नर्मदा जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे उद्या सकाळी पश्चिम इंदुरातील अकरा टाक्यांमधून नागरिकांना पाणी मिळू शकणार नाही. संपूर्ण यादी ब्रेकनंतर.' सतरा शब्द झाले. मोबाइलवर मोजले, तर मात्र साडेनऊ सेकंद लागले.

निवृत्त वृत्तसंपादक, रामबाग

माहिती आली, परंतु कानासाठी रचना उलटी झाली. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि नकार त्याच्याही मागे. स्वयंपाकघरातून अर्ध्या कानाने ऐकणाऱ्या बाईला 'अकरा टाक्यांमधून पाणी मिळू शकणार' इथपर्यंत ऐकू येते, आणि 'नाही' कुकरच्या शिट्टीत जाते. ती आनंदाने पोळ्या लाटत राहते. म्हणून नकारार्थी क्रियापद टाळून 'पाणी बंद' असे नाम धरावे.

दुसरे असे की कारण सुरुवातीला ठेवल्याने प्रेक्षकाचे पहिले तीन सेकंद दुरुस्तीत गेले. नर्मदेचे पाणी जलूदहून येते आणि तिथपासून वाहिनी सुमारे सत्तर किलोमीटर आहे, हे सगळे मूळ बातमीत येऊ द्या. टीझरमध्ये दुरुस्तीला दोन शब्द पुरे. अगदी पहिला शब्दही महत्त्वाचा ठेवू नका, कारण प्रेक्षकाची नजर वळेपर्यंत तो निघून जातो; तिथे गावाचे नाव चालते. मी असे लिहीन:

'इंदुरात उद्या सकाळी अकरा टाक्यांचे पाणी बंद, जलवाहिनीची दुरुस्ती. तुमची टाकी यादीत आहे का, ब्रेकनंतर.'

मोजून पाहा, पंधरा शब्द आहेत, आणि 'नागरिकांना', 'संपूर्ण' असे भरताड शब्द गेल्याने आठ सेकंदांत बसावेत. 'पश्चिम' मी काढले, कारण आपली टाकी पश्चिमेत मोडते की नाही, हे अनेकांना सांगता येत नाही. यावर मतभेद असू शकतो. पाठीमागे दृश्य कोरड्या नळाचे नको, टाकीचे ठेवा. उन्हाळ्यातले जुने कोरड्या नळाचे फुटेज लावले, की शब्द सांगतात एका सकाळचे आणि चित्र सांगते दुष्काळाचे.

आकड्यांबाबत एक खास इंदुरी अडचण सांगून ठेवतो. इथल्या नव्या पिढीला 'एकोणसाठ' ऐकून क्षणभर थांबावे लागते, कारण तिच्या डोक्यात 'उनसठ' असते. तो क्षण गेला, की पुढचे चार शब्द वाया जातात. म्हणून टीझरमध्ये 'सुमारे साठ' म्हणावे आणि नेमका आकडा पडद्यावर ठेवावा.

जाहिरात विभागातील एक, विजय नगर

पाण्याच्या बातमीपुरते मी मान्य करतो. ती ओळ ऐकून मीही यादी पाहिली असती. परंतु रोज पाणी बंद होत नाही. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत गिरण्यांच्या झांक्यांचे निकाल लागतात, तेव्हा काय करणार? 'पहिले बक्षीस अमुक मिलला' असे ब्रेकआधीच सांगितले, तर मागे उरते काय? निकाल ऐकायला कोणी बादली भरून ठेवणार नाही. तिथे अर्धा मिनिट उत्सुकता ताणली, तर कोणाचे काय बिघडले?

अन्नपूर्णा रोडवरील एक शिक्षक

बिघडते. सवय बिघडते. झांकीला चालले, म्हणून उद्या सुट्टीलाही चालेल.

निवृत्त वृत्तसंपादक, रामबाग

मी तरी विजेत्याचे नाव सांगेन आणि झांकीचे दृश्य राखीन. पहिली आलेली झांकी दिसते कशी, हे शब्दांत मावत नाही, म्हणजे माझी कसोटी इथेही चालते. मात्र, ताण इथे कोणाचे नुकसान करीत नाही, हे दादांचे म्हणणे मला खोडता येत नाही.

मृणाल, लोकमान्य नगर, इंदूर

पाण्याची ओळ आज पुन्हा वाचून पाहिली, पावणेआठ सेकंद. झांकीच्या दिवशी निर्माते दादांचीच बाजू घेतील, हे आताच सांगते. मी दोन्ही ओळी लिहून नेईन आणि आईला आधी ऐकवीन.