रेझिस्टन्सला प्रतिकारशक्ती म्हणायचं का?

मीनल (प्रतापनगर)
आमच्या वस्तीच्या मासिक पत्रकासाठी मी आरोग्याच्या बातम्या मराठीत आणते. या वेळी अँटिबायोटिक रेझिस्टन्सवर होती आणि मी लिहिलं, "प्रतिजैविकांचा कोर्स अर्धवट सोडल्यास प्रतिकारशक्ती वाढते." कच्चा मजकूर शेजारच्या काकूंना वाचायला दिला तर त्या म्हणाल्या, म्हणजे गोळ्या कमी घेतल्या तर चांगलंच आहे न गं? मी चरकलेच. शब्दकोशात तर प्रतिकार, प्रतिरोध, रोध सगळेच आहेत. काय वापरू? शुक्रवारी छपाईला द्यायचंय.

विवेक (महाल)
प्रतिरोध. यात शंकाच नको. प्रतिकारशक्ती शरीराची असते, प्रतिरोध जंतूंचा, आणि बातम्यांत हे दोन्ही सर्रास एक करून टाकतात म्हणून काकूंसारखा घोळ होतो. जाता जाता, कोर्सलाही उपचारमुदत म्हणता येईल, अँटिबायोटिकला तर प्रतिजैविक आहेच.

काटोलकर
प्रतिरोध म्हटलं की मले तर विजेची तार आठवते भाऊ. आमच्या गावात सरळ सांगतात, अळी ऐकून नाही राह्यली. 2017 ले गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली तेव्हा सगळे हेच म्हणत होते, बीटीले ऐकत नाही. बियाण्याच्या पाकिटासोबत साध्या कपाशीचं बारकं पाकीट यायचं, कडेनं लावा म्हणून, म्हणजे साध्या अळ्या जगतील आन् निबर अळीले निबरच जोडीदार भेटणार नाही. कोणी लावलं? आमच्या बाबानं तर बांधावर फेकलं. जंतूचंही तसंच असन. "जंतू औषधाले ऐकत नाही" असं लिहा न, काकूले लगेच समजते.

सुषमाताई (सक्करदरा)
मीनल, शब्दाचं मला फार कळत नाही पण हे वाचून भावाची आठवण झाली म्हणून लिहिते. वीसेक वर्षं झाली असतील, त्याला टीबी झाला होता. तेव्हा गोळ्या सुट्या यायच्या, लाल कॅप्सूल, मोठ्या पांढऱ्या गोळ्या आणि एक बारकी. लाल कॅप्सूलनं लघवी केशरी व्हायची तर तो घाबरायचा, पांढऱ्यांनी मळमळायचं, म्हणून बारकी तेवढी घ्यायचा आणि बाकीच्या गादीखाली. आम्हाला काय माहीत, खोकला थांबला होता, वजन वाढलं होतं. पाचव्या महिन्यात परत ताप. थुंकीचं कल्चर लावलं, रिपोर्टलाच दोन महिने गेले, आणि त्यात आलं की बारकी गोळी आता चालत नाही. आई म्हणायची, त्याच्या अंगाला गोळीची सवय झाली. ते बरोबर होतं का? मला अजून वाटतं की आम्ही गादी उचलून पाहायला हवी होती.

जुना लॅबवाला
सुषमाताई, अंगाला सवय नाही झाली. मी अठ्ठावीस वर्षं थुंकीच्या स्लाइडी वाचल्या, आणि मीनलताईंच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या गादीखालीच आहे असं मला वाटतं.

फुफ्फुसात खड्डा पडला की त्यात 10 कोटींच्या आसपास जंतू असतात असं धरा. तुमची बारकी गोळी म्हणजे आयसोनियाझिड. तिला न जुमानणारा जंतू साधारण 10 लाखांत एक निघतो, तो आपोआप तयार झालेला असतो, औषधाचा एक कणही पोटात जायच्या आधी. म्हणजे भावाच्या छातीत असे शंभरेक आधीच बसलेले. लाल कॅप्सूल, म्हणजे रिफाम्पिसिन, तिला न जुमानणारा 10 कोटींत एखादा. दोघींनाही न जुमानणारा एकच जंतू मिळायला 10 कोटींची गर्दी फार लहान पडते. म्हणून सगळ्या गोळ्या एकत्र देतात, एकीतून सुटलेल्याला दुसरी पकडते. त्यानं एकटी बारकी घेतली तेव्हा बाकीचे मेले, खोकला थांबला, आणि ते शंभर मोकळ्या रानात वाढत गेले. कोणी काही शिकलं नाही, सवय कोणाला लागली नाही. फक्त निवड झाली.

त्या काळात तुम्ही गादी उचलली नाही हा तुमचा दोष नाही, ताई. चार औषधं एकाच गोळीत यायला लागली ती याच कारणानं, एक वगळायची सोयच राहत नाही. आणि केशरी लघवी ही उलट खूण आहे, लाल औषध पोटात गेल्याची. आम्ही पेशंटला तेच विचारायचो, रंग येतो का?

मीनलताई, तुमच्या वाक्यात मला खटकतं ते "अर्धवट सोडणं". डोस चुकवणं, चारांतली एक गाळणं आणि दोन महिन्यांनी सगळंच बंद करणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळं एकदम बंद केलं तर सुस्तावून पडलेले जंतू उरतात आणि टीबी उलटतो, पण उलटलेला तो बहुतेक वेळा त्याच औषधांनी जातो. रेझिस्टन्स जास्त करून गाळण्यातून आणि अधूनमधून घेण्यातून येतो. इंग्रजीत एका शब्दात हे सगळं बसवलंय, मराठीत बसवू नका.

ऋतुजा (धंतोली)
पण काका, कोर्स पूर्ण करा हेच आता जुनं झालं न? 2017 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डॉक्टरांनीच लिहिलं होतं की बरं वाटल्यावरही उगाच लांबवलेल्या कोर्सनंच रेझिस्टन्स वाढतो. मग पत्रकात "बरं वाटलं की थांबा" असंच द्यायला पाहिजे.

जुना लॅबवाला
लेख खरा आहे बेटा, अर्थ अर्धा घेतलास. तो नेहमीच्या इन्फेक्शनबद्दल आहे. साध्या न्यूमोनियात पाच दिवस पुष्कळदा पुरतात, आणि जास्तीचे दिवस आतड्यातल्या बाकीच्या जंतूंवर औषधाचा मारा होतो, तिथंही तीच निवड चालते. पण मुदत किती ते डॉक्टर ठरवतो, ताप उतरला म्हणून आपण नाही. टीबीला त्या लेखातही वेगळंच धरलंय. टीबीत दोन महिन्यांत माणूस ठणठणीत दिसतो आणि पुढचे चार महिने त्या सुस्त जंतूंसाठीच असतात.

ऋतुजा
म्हणजे एकाच पत्रकात दोन उलट सूचना? लोक गोंधळतीलच.

विवेक (महाल)
मूळ शब्दाकडे येऊ या का? "ऐकत नाही" हे बोलण्यात ठीक, पण नाम कसं करणार? ऐकत-नाही-पणा?

काटोलकर
नाम पाहिजेच काहून? वाक्य लिहा.

अंजली (रामदासपेठ)
पेपरात "औषधांना दाद न देणारा क्षयरोग" असं येतं की. इतका चांगला प्रयोग असताना नवीन घडवायचा कशाला. दाद म्हणजे फारसीत न्याय, दाद-फिर्याद मधला. औषध फिर्याद घेऊन गेलं आणि जंतूनं दाद दिली नाही, मला तर फार सुंदर वाटतं.

विवेक (महाल)
फारसी असेल तर प्रतिरोध काय वाईट? आणि दाद गाण्याला देतात. "जंतूंनी दाद दिली नाही" ऐकून काकूंना मैफल आठवेल.

अंजली
काकूंना मैफलही कळते आणि दाद न देणंही कळतं. रोज म्हणतो आपण, पोरगं दाद देत नाही. प्रतिरोध मात्र कोणाच्या घरात बोलतात?

सुषमाताई (सक्करदरा)
लॅबवाले काका, भावाची मुलगी आता चोवीसची आहे, तिला महिनाभर खोकला आहे. भावाची हिस्ट्री सांगायची का डॉक्टरांना?

जुना लॅबवाला
नक्की सांगा, आयसोनियाझिड चालली नव्हती हे मुद्दाम सांगा. उद्याच थुंकी द्या, मेडिकल किंवा मेयो हॉस्पिटलला. सीबीनॅटवर दोनेक तासांत कळतं टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन चालेल का. पण त्या मशीनचं नेहमीचं कार्ट्रिज बारकी गोळी तपासत नाही. टीबी निघालाच तर तिची वेगळी टेस्ट मागून घ्या.

मीनल (प्रतापनगर)
मी सध्या असं केलंय: "टीबीच्या गोळ्यांतली एखादी गाळली किंवा मधूनमधून घेतली, तर त्या औषधाला दाद न देणारे जंतू तेवढे उरतात आणि वाढतात." काकूंना परत दाखवलं. त्यांनी विचारलं, उरतात म्हणजे आधीपासूनच होते का गं? सुषमाताई, उद्या रिपोर्ट कळवाल?

विवेक (महाल)
"दाद"च ठेवलं शेवटी. निदान कंसात प्रतिरोध द्या.