नोकरीच्या जाहिरातीत इमोजी किती असावेत?

प्रश्नकर्ती: लिंक्डइनवर कारखान्यासाठी लेखापालाच्या जागेची जाहिरात द्यायची आहे. मसुद्यात १४ इमोजी आहेत: शीर्षकाआधी 🚀🔥, अपेक्षांच्या ८ ओळींपुढे प्रत्येकी ✅ आणि शेवटी 📍📩🙏🙏. साहेब सगळे काढायला सांगतात. सहकारी म्हणते, मग कोणी वाचणारच नाही. किती ठेवावेत?

जुना लेखनिक: माझा नियम सरळ आहे. तीनपेक्षा जास्त इमोजी आले की मजकूर पोरकट वाटतो, म्हणून कोणतेही तीन ठेवा आणि बाकीचे काढा.

मजकूरवाली: कोणतेही तीन कसे चालतील? तुम्ही 🚀🔥✅ ठेवलेत, तर संख्या बसेल, पण उपयोग काहीच होणार नाही. लिंक्डइनवर आधी मजकुराच्या मोजक्याच ओळी दिसतात आणि उरलेला भाग उघडावा लागतो. त्यामुळे पहिल्या ओळीत अग्निबाणाऐवजी ‘लेखापाल हवा, सातपूर, नाशिक’ हेच यायला हवे. ✅ लोक वापरतात, कारण तिथे साध्या पोस्टमध्ये यादीची सोय नाही. मात्र दृष्टिहीन उमेदवाराचे वाचक-सॉफ्टवेअर प्रत्येक चिन्हाचे नाव उच्चारते, म्हणजे त्याला तेच नाव आठ वेळा ऐकावे लागेल. तिथे साधी आडवी रेघ पुरते. 📍 आणि 📩 मात्र राहू द्या, कारण परत येऊन पत्ता शोधणाऱ्याची नजर तिथे थांबते. फक्त त्यांच्यापुढे ‘ठिकाण’ आणि ‘अर्ज’ हे शब्दही लिहा.

सोसायटीचा सचिव: आमच्याकडे अडचण वेगळीच झाली. एका सभासदाच्या निधनाच्या सूचनेखाली मी 💐 टाकले आणि दोघांनी वर न वाचताच ‘अभिनंदन’ लिहिले.

मजकूरवाली: हा नोकरीचा विषय नव्हे, पण मुद्दा इथेही लागू पडतो. 🙏 हे आपल्याकडे नमस्कार, आभार, विनंती आणि श्रद्धांजली या सगळ्यांसाठी चालते. ‘अर्ज पाठवावा’ याच्यापुढे ते दोनदा आले की कंपनी गयावया करते आहे असे वाटते. (निदान मला तरी वाटते.)

भरतीवाला: मी असहमत आहे. आमच्याकडे मदतनीसांच्या जागांसाठी ✅ लावलेल्या जाहिरातीला साध्या जाहिरातीपेक्षा जास्त फोन आले. मोबाईलवर भराभर सरकवत वाचणाऱ्याला प्रत्येक ओळ वेगळी दिसावी लागते.

मजकूरवाली: त्या जाहिरातीत ओळीही छोट्या केल्या होत्या का?

भरतीवाला: हो, आणि पगारही लिहिला होता. तरीही ✅ निरुपयोगी होते हे मला पटत नाही.

प्रश्नकर्ती: मी 📍 आणि 📩 शब्दांसह ठेवले, ओळींना रेघा दिल्या आणि पहिल्या ओळीत पद व ठिकाण आणले. साहेबांना 📍 चालले, पण 📩 अजून खटकते आहे. ई-मेलचा पत्ता स्वतःच ठळक दिसतो, असे त्यांचे म्हणणे आहे.

जुना लेखनिक: त्यात त्यांचे काही चुकत नाही.