कंपनीकडे वाहतूक भत्ता मागताना अंतर आणि वेळ कशी मांडली? अनुभव लिहा

मेघना, बावडा

आमचं युनिट शिवाजी उद्यमनगरातून कागलच्या फाईव्ह स्टार एमआयडीसीत जातंय. मी स्टोअरला आहे, राहते कसबा बावड्यात. आत्ता घरापासून गेटपर्यंत ५ किलोमीटर, तिकडे २४ होणार. मालकांना विचारलं तर म्हणाले, "अर्ज द्या, बघू."

माझी अडचण अशी की एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. त्यामुळे खर्चाचा आकडा कागदावर लहान दिसतो. पण बावड्यातून मध्यवर्ती स्थानक, तिथून लक्ष्मी टेकडी, तिथं उतरून पुढं वडाप, असे तीन टप्पे होतात आणि दीड तास मोडतो. घरी सातवीतला मुलगा आणि सासूबाई आहेत. मला पैशांपेक्षा या वेळेचं जास्त वाटतं, पण अर्जात वेळ लिहून काही मिळतं का, हेच कळत नाही.

ज्यांनी असा अर्ज दिला आहे त्यांनी काय लिहिलं, ऑफिसनं काय विचारलं, शेवटी काय पदरात पडलं, ते सविस्तर सांगा.

फुलेवाडीकर

ताई, आमचंही युनिट उद्यमनगरातूनच कागलला गेलं. मी मशीन शॉपला आहे. आम्ही पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून एक सह्यांचा कागद दिला, "लांब पडतंय, भत्ता द्या" एवढाच. तो टेबलावरच राहिला. मग मॅनेजर साहेबांनीच सांगितलं, प्रत्येकाचं वेगळं आणि हिशोबासकट आणा. मी दिलेल्या अर्जातला मुख्य भाग तसाच लिहितो:

"माझे राहते ठिकाण फुलेवाडी. जुन्या कारखान्याचे अंतर एका बाजूने ६ कि.मी. होते, नव्याचे २६ कि.मी. आहे. म्हणजे जाऊन-येऊन रोज ४० कि.मी. वाढले. महिन्याच्या २५ हजेऱ्यांना १,००० कि.मी. होतात. माझी दुचाकी लिटरला ५० कि.मी. जाते, त्यामुळे २० लिटर पेट्रोल जास्त लागते. लिटरला १०५ रुपये धरून ही रक्कम २,१०० रुपये होते. पहिली पाळी सकाळी सातला सुरू होते व त्या वेळेत पोचेल अशी बस मला मिळत नाही, म्हणून दुचाकीचा खर्च धरला आहे. पूर्वी एका बाजूला २० मिनिटे लागत, आता ५० मिनिटे ते १ तास १० मिनिटे लागतात. तरी दरमहा २,१०० रुपये वाहतूक भत्ता मंजूर व्हावा. कंपनीने फुलेवाडीमार्गे बस सुरू केल्यास माझी ही मागणी राहणार नाही."

साहेबांनी वाचता वाचता पहिलं हेच विचारलं, "उद्यमनगरला येताना पेट्रोल लागत नव्हतं का?" मी जुने ६ किलोमीटर आधीच वजा केले होते, ते दाखवल्यावर पुढचं बोलणं सोपं झालं. पूर्ण २६ धरून मागणाऱ्यांची तिथंच अडवणूक झाली. मला २,१०० मिळाले नाहीत. हजेरीच्या दिवसाला ६० रुपये ठरले, म्हणजे पूर्ण हजेरी भरली तर १,५००. रजा असेल त्या दिवसाचे जातात. टायर, ऑईल, सर्व्हिसिंग यांचा मी वेगळा खर्च मागितला होता, तो सरळ नाकारला.

सेवानिवृत्त, राजारामपुरी

यात अवघड काही नाही. दौऱ्याचं बिल भरायचं, सोबत तिकिटं जोडायची, वरिष्ठांची सही घ्यायची. आमच्या खात्यात मी अशी बिलं वर्षानुवर्षं काढली. मुक्काम असेल तर दैनिक भत्ताही मागा, लोक तो विसरतात. शिवाय महिना १,६०० रुपयांपर्यंत वाहतूक भत्त्यावर कर लागत नाही, तेव्हा मागणी तेवढीच ठेवावी.

टाईम ऑफिस

काका, तुम्ही सांगताय तो कामाच्या दौऱ्याचा प्रवासखर्च झाला. मेघनाताई रोज घरून कामावर जाण्याबद्दल विचारतायत. आणि १,६०० ची ती सूट पूर्वी खरंच होती, पण २०१८-१९ या आर्थिक वर्षापासून ती काढून सरसकट प्रमाणित वजावट आणली. दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठीची सूट तेवढी वेगळी ठेवली. त्यामुळे आज भत्ता पगारातच धरला जातो. १,६०० वर थांबायचं काही कारण नाही.

मी फाउंड्र्यांच्या टाईम ऑफिसात आणि नंतर पर्सोनेलला वीसेक वर्षं काढली. असे अर्ज माझ्याच टेबलावरून मालकांकडे जायचे. पलीकडच्या बाजूनं काय बघतात ते सांगतो.

खासगी कारखान्यात घर ते काम या प्रवासाचा भत्ता द्यायलाच पाहिजे अशी सरसकट सक्ती नाही. नेमणूकपत्रात किंवा युनियनच्या करारात असेल तर तो हक्क, नाहीतर विनंती. म्हणून पहिलं काम म्हणजे ते दोन्ही कागद काढून वाचणं. कामाचं ठिकाण नेमणूकपत्रात काय लिहिलंय तेही बघा. "कंपनी सांगेल तिथे" असं असेल तर भाषा नरम ठेवावी लागते.

दुसरं म्हणजे पत्ता. अर्जातला पत्ता आणि आमच्या रेकॉर्डवरचा पत्ता जुळला नाही की फाईल परत जायची. भाड्याचं घर बदललेलं असतं आणि रेकॉर्डला अजून गावाकडचा पत्ता असतो, असे कितीतरी निघायचे. आधी पत्ता बदलून घ्या, मग अर्ज.

तिसरं, अंतर. मी स्वतः मोबाईलवर नकाशा उघडून बघायचो. एक-दोन किलोमीटरच्या फरकाला कुणी हरकत घेत नाही. पण घरातून निघताना आणि गेटवर पोचल्यावर गाडीच्या मीटरचे फोटो जोडले असतील तर मी नकाशा उघडतच नसे.

वेळेचं मात्र वेगळं आहे. नकाशा रात्री अकराला बघून "पस्तीस मिनिटं" असा स्क्रीनशॉट लावतात, त्याला अर्थ नाही. हायवेला रुंदीकरणाची कामं, तावडे हॉटेलजवळची गर्दी, उचगाव, उजळाईवाडी, हे सगळं पाळीच्या वेळेलाच कळतं. दोन आठवडे घरातून निघाल्याची आणि गेटवर पंच झाल्याची वेळ वहीत लिहा. पंचाची वेळ आमच्या मशीनमध्येच असते, त्यामुळे त्यावर वाद होत नाही. आणि सरासरी देऊ नका, कमीत कमी आणि जास्तीत जास्त असं दोन्ही द्या. फुलेवाडीकरांनी तसंच केलंय.

आता तुमचा मुख्य प्रश्न. वेळेचे पैसे कुणी देत नाही, निदान मी दिलेले पाहिले नाहीत. पण बसऐवजी दुचाकीचा किंवा कंपनीच्या गाडीचा खर्च का धरायचा, याचं कारण म्हणून वेळच उभी राहते. "बसने ९० मिनिटे, तीन टप्पे, शेवटच्या टप्प्याला ठरलेली गाडी नाही" एवढं एक वाक्य तुमच्या अर्जात अंतराच्या आधी आलं पाहिजे.

इचलकरंजी सासर

माझा अनुभव उलटा आहे. मी गोकुळ शिरगावात कामाला. लग्नाआधी माहेर शाहूपुरीत होतं, आता इचलकरंजीहून येते. भत्त्याचा अर्ज दिला तर उत्तर आलं, "तुम्ही लांब राहायला गेलात, कंपनी हललेली नाही." वाईट वाटलं, कारण लग्न होऊन सासरी जाणं ही काही हौस नव्हे. पण पैसे नाही ते नाहीच.

मी मात्र बसच्या वेळा आणि पंचाच्या वेळा समोरासमोर मांडलेला कागद जोडला होता. सोयीची बस दहा मिनिटांनी चुकायची आणि पुढच्या गाडीनं रोज लेट मार्क. तो कागद बघून त्यांनी माझी वेळ नऊऐवजी साडेनऊ केली, सुटायची वेळही अर्धा तास पुढं. पगारातली लेट मार्कची कपात थांबली. मेघनाताई, तुम्हाला वेळेचंच जास्त असेल तर अर्जात दुसरा परिच्छेद करून हेही मागा.

वडणग्याचा पोरगा

आमचं तर अंतर वाढतच नाही, वेळ वाढतोय, त्याला काय करायचं? मी मार्केट यार्डाकडं गोदामात हाय. पावसाळ्यात राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की बावड्याकडनं जाता येत नाही, शिवाजी पुलावरनं सगळं शहर पार करून जायला लागतं. २०१९ आणि २०२१ ला तर घरातनं बाहेरच पडता येत नव्हतं. मी अर्जात दोन अंतरं आणि दोन वेळा लिहिल्या, पावसाळ्यातली वेगळी. मालक म्हणाले, "पाऊस मी पाडतो का?" भत्ता दिला नाही. बंधारा बंद असेल त्या दिवशी अर्धा तास उशीर चालेल, एवढं तोंडी सांगितलं. लेखी मागितलं तर गप्प बसले.

आणि टाईम ऑफिसवाल्या काकांना माझं सांगणं हाय की वेळेचे पैसे नाहीत हे बरोबर नाही. माझा दिवसातला दीड तास कामासाठीच जातोय की.

टाईम ऑफिस

भावा, तुझं म्हणणं मला पटतं, पण घर ते गेट हा वेळ ड्युटीत धरत नाहीत. कंपनीनं आधी मुख्य ऑफिसला हजेरी लावून मग दुसऱ्या युनिटला पाठवलं तर गोष्ट वेगळी. तोंडी सवलतीचं एक करता येईल. "आज आपण सांगितल्याप्रमाणे" अशी सुरुवात करून दोन ओळींचा मेसेज मालकांना पाठवून ठेव. उत्तर नाही आलं तरी तारखेची नोंद राहते.

वडणग्याचा पोरगा

मेसेज टाकतो. पण पटलेलं नाही.

मेघना, बावडा

खूप उपयोग झाला. एक राहिलं. मी एसटीचा मासिक पास काढून पावती जोडू का? आणि वडापला तर पावतीच नसते.

टाईम ऑफिस

तुमच्यासाठी पास महाग पडेल. मासिक पासला २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस प्रवास मिळतो. तुम्ही अर्ध्या तिकिटावर २५ दिवस गेलात तर साडेबारा दिवसांच्याच पूर्ण भाड्याएवढे पैसे जातात. तेव्हा तिकिटंच जपून ठेवा आणि अर्ध्या तिकिटाचाच खर्च लिहा. पूर्ण लिहिलात तर समोरचा तेवढं एकच धरून बसेल. पुरुष सहकाऱ्यांनी मात्र पासची प्रत जोडावी.

वडापचं भाडं साध्या कागदावर लिहा आणि त्याच मार्गानं येणाऱ्या दुसऱ्या दोघांच्या सह्या घ्या. आम्ही तेवढं मानायचो. सगळ्या कारखान्यांत मानतील असं नाही.

मेघना, बावडा

आमच्यात बावडा आणि लाईन बाजार मिळून अकरा जण होतात, त्यात सात बायका. फुलेवाडीकरांनी बसचा मुद्दा अर्जात घातला होता, तसा आम्ही घातला तर? भत्त्याऐवजी कंपनीनं गाडीच लावली तर मला वेळही वाचेल. तुमच्याकडं गाडी झाली का पुढं?

फुलेवाडीकर

चौकशी झाली, गाडी झाली नाही. ठेकेदारानं महिन्याचा ठोक दर सांगितला, पण तो एकाच पाळीचा होता. दुसरी पाळी रात्री सुटते, तिची फेरी त्यानं वेगळी धरली आणि तिथं घोडं अडलं. तुमचे अकराजण सगळे जनरल शिफ्टचे असतील तर तुमचं जमण्यासारखं आहे. अकरा जणांच्या भत्त्याची बेरीज आणि ठेकेदाराचा दर, दोन्ही एकाच कागदावर लिहून द्या. आमच्याकडं ती बेरीज कुणी केलीच नव्हती.