मदत हवी आहे: पुणे-बंगळुरू विमानप्रवास, घरापासून दारापर्यंत नेमका किती वेळ?

मंगळवारी सकाळी ११ वाजता इलेक्ट्रॉनिक सिटीत मीटिंग आहे. विमान लोहगावहून ६:०५ ला सुटून ७:४० ला पोचतं. तिकिटावर १ तास ३५ मिनिटं, पण माझा हिशेब असा होतोय:

चेक-इन काउंटर सुटण्याच्या तासभर आधी, म्हणजे ५:०५ ला बंद होतो. रांग धरून ४:१५ ला टर्मिनलवर पोचायचं, म्हणून कोथरूडहून ३:३० ला निघायचं. सोबत सुट्या भागांची १८ किलोची पेटी आहे. केबिनमध्ये ७ किलोच चालतं, त्यामुळे ती चेक-इनलाच द्यावी लागणार. तिकडे ७:४० ही विमान जागेवर थांबायची वेळ. उतरणं, चालणं, पट्ट्यावर पेटीची वाट बघणं यासाठी मी ४० मिनिटं धरलीत. म्हणजे टॅक्सीत बसेपर्यंत ८:२०.

खरी अडचण इथून पुढे. बंगळुरूचा विमानतळ देवनहळ्ळीला, म्हणजे शहराच्या उत्तरेला, आणि इलेक्ट्रॉनिक सिटी थेट दक्षिणेला. मॅपवर मंगळवार सकाळची वेळ टाकली तर सव्वा तास ते अडीच तास असं काहीतरी दाखवतो! अडीच धरले तर १०:५०, म्हणजे हातात दहा मिनिटं. आदल्या रात्री जाणं शक्य नाही, आणि रात्रीच्या बसने पाठ धरते.

नेहमी जाणाऱ्यांनी सांगावं: पेटीसाठी ४० मिनिटं पुरतात का? आणि ८:२० ला निघाल्यावर टॅक्सीला प्रत्यक्षात किती वेळ लागतो, की पेटी असली तरी विमानतळावरून इलेक्ट्रॉनिक सिटीला जाणारी केआयए-८ बसच बरी?