हवाई अंतर आणि पोहोचण्याची वेळ

"सरळ रेषेत ८ किमी आहे, मग अ‍ॅप १२ किमी आणि २२ मिनिटे का दाखवते?"

मधे नदी असेल आणि पूल बराच बाजूला असेल, तर चार किलोमीटरचा फरक तेवढ्यानेच पडतो. अ‍ॅपच्या लेखी रस्ता म्हणजे चौकाचौकांत तुटलेल्या लहान तुकड्यांची साखळी असते; प्रत्येक तुकड्याची लांबी आणि त्यावरचा वेग यांवरून वेळ काढून, वळणांचा व सिग्नलचा खोळंबा धरून त्याची बेरीज केली जाते.

समजा, पहिले ७ किमी मोकळे आहेत आणि तिथे वेग ताशी ६० किमी आहे, म्हणजे ७ मिनिटे लागतील. उरलेल्या ५ किमीवर गर्दीमुळे, खोळंबा धरून, वेग २० वर आला, तर १५ मिनिटे जातील. ६० आणि २० यांची सरासरी ४० धरून १८ मिनिटांचा हिशेब करणे ही नेहमीची चूक आहे, कारण संथ तुकड्यावर आपण जास्त वेळ घालवतो; खरी सरासरी ३३ च्याही खाली येते.

वेगाची माहिती रस्त्यावरच्या इतर फोनच्या हालचालींतून आणि त्या वाराच्या, त्या तासाच्या जुन्या नोंदींतून मिळते. लांबच्या प्रवासात शेवटच्या तुकड्यासाठी आत्ताचा नव्हे, तर आपण तिथे पोहोचू तेव्हाचा अपेक्षित वेग धरावा लागतो, आणि अंदाज बहुधा इथेच चुकतो. म्हणून उरलेल्या मिनिटांपेक्षा पोहोचण्याच्या घड्याळी वेळेकडे पाहावे: ती पुढे सरकू लागली, तर अंदाजात न धरलेली कोंडी वाढते आहे असे समजावे.